नव्या ॲपवरचे खडूस काका

त्या दुकानाचं काम माझ्याकडे आलं ते एका मिक्सरमुळे. माझा मिक्सर दुरुस्त करून देताना मालकांनी, म्हणजे काकांनी, विचारलं, "तुम्ही काय करता?" छोट्या दुकानदारांची समाजमाध्यमं सांभाळते, असं मी सांगितलं. काकांनी भांड्याचं पातं फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे दिवसभर फोन बघता, आणि लोक त्याचे पैसे देतात." काकू गल्ल्यावर बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत, पण त्यांनी मान खाली घातली. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

पेठेतलं हे दुकान कुकर, मिक्सर आणि शेगड्या दुरुस्त करतं आणि त्यांचे सुटे भाग विकतं. शिट्ट्या, गॅस्केटं, दांड्या, मिक्सरच्या भांड्याखालचे प्लॅस्टिकचे दातेरी कपलर, असं सगळं छतापर्यंत खोक्यांतून भरलेलं. मी काम घेतलं तेव्हा गिऱ्हाईक जवळपासचंच होतं. आम्ही व्हिडिओ करायला लागलो. कुकर कडेने वाफ का सोडतो, दांडी हलायला लागली तर काय करायचं, असे साधे विषय. काकांचे हात, काकांचा आवाज, कॅमेरा माझा. हळूहळू वाघोलीच्या नव्या सोसायट्यांमधून, विश्रांतवाडीहून माणसं झाकण पिशवीत घालून यायला लागली. व्हिडिओच्या जोडीला फोटो आणि रीलचं एक खातं होतं. जुन्या गिऱ्हाइकांना निरोप पाठवायला फोनवर एक यादी होती. तीन ठिकाणं. तीही धड सांभाळून होत नव्हती.

त्यामुळे काकांची मुलगी एका शनिवारी दुकानात आली आणि फोन माझ्यासमोर धरून म्हणाली, "ताई, आपण अजून इथे कसे नाही?" तेव्हा माझ्या कपाळावर आठ्या आल्या.

मुलगी एका आयटी कंपनीत मार्केटिंगमध्ये आहे. हुशार आहे, आणि हुशार माणसाला असते तेवढी घाई तिलाही आहे. ती दाखवत होती ते नवं ॲप त्या महिन्यात सगळ्यांच्या तोंडी होतं. फोटो नाही, व्हिडिओ नाही, फक्त दोन-चार ओळींचा मजकूर. कुणीतरी प्रश्न टाकायचा, बाकीच्यांनी उत्तरं द्यायची, चांगल्या उत्तराला लोक वर चढवायचे.

"ऑफिसात सगळे ह्याच्यावर आहेत," ती म्हणाली. "आत्ता गेलो तर रीच फुकट आहे. सहा महिन्यांनी सगळी दुकानं तिथे असतील आणि मग आपल्याला कोण विचारणार?"

काका स्टुलावर बसून एका कुकरची दांडी आवळत होते. वर न बघता म्हणाले, "तुझ्या ऑफिसातले सगळे कुकर लावतात?"

"बाबा, प्लीज."

मला तिचं म्हणणं सगळंच खोटं वाटत नव्हतं. नव्या ठिकाणी लिहिणारे कमी आणि वाचणारे जास्त असतात. त्यामुळे ॲपवाले नवख्या माणसाचाही मजकूर पुष्कळांपुढे ठेवतात. पुढे गर्दी झाली की तो नळ बारीक होतो. लवकर गेलेल्याचा फायदा खरा असतो. पण मी आधी एकदा पोळले होते. लॉकडाऊनमध्ये गप्पांच्या खोल्यांचं एक ॲप असंच उसळलं होतं. तेव्हा एका बेकरीसाठी मी रोज संध्याकाळी तिथे पावावर चर्चासत्रं घेतली. चार महिन्यांनी खोलीत मी, बेकरीवाला आणि बेकरीवाल्याची मावशी असे तिघंच उरलो. तेवढ्या काळात त्याच्या फोटोंच्या खात्यावर ऑर्डर विचारणारे लोक उत्तराची वाट बघून दुसऱ्या बेकरीत गेले होते.

"आपले लोक आपल्याला शोधतात कसे, ते आधी बघू," मी मुलीला म्हटलं. "कुकर बिघडला की माणूस व्हिडिओच्या ठिकाणी जाऊन 'शिट्टी होत नाही' असं टाइप करतो. आपला दोन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ आजही रोज नवी माणसं आणतोय. तिथे खाली किती प्रश्न बिनउत्तराचे पडलेत, माहिती आहे? व्हिडिओंची नावं आपण 'भाग एक', 'भाग दोन' अशी ठेवलीयेत. 'भाग दोन' कोण शोधणार आहे? घरातली विहीर न उपसता दुसरीकडे खणायला नको."

"म्हणजे कधीच नाही?"

"कधीच असं नाही. नाव मात्र आजच घेऊन ठेवू, दुसऱ्या कुणी घ्यायच्या आत. मग थोडे दिवस, आठवड्याला अगदी थोडा वेळ देऊन बघू. पण कशाला यश म्हणायचं आणि कधी थांबायचं, हे आधी ठरवायचं. तेही व्हिडिओंचं घर लावून झाल्यावर."

काका म्हणाले, "ही म्हणेल तसं. ही नको म्हणतेय तोवर नको."

काकू पावती फाडत होत्या. त्यांनी काहीच मत दिलं नाही. हे लक्षात यायला हवं होतं, कारण काकूंना मत नसणं ही घटना दुर्मीळ आहे.

मुलीने लगेच नाव घ्यायला घेतलं. दुकानाचं नाव टाइप केलं आणि फोन म्हणाला, हे नाव आधीच घेतलेलं आहे.

आम्ही ते खातं उघडून बघितलं. फोटोच्या जागी एक कुकर. दुकानाचं नाव. आणि खाली प्रश्नोत्तरांचा ढीग.

कुणीतरी विचारलं होतं, "कुकरची शिट्टी होत नाही, काय करू?" उत्तर होतं, "तोवर तुम्ही वाजवा."

"गॅस्केट कुठल्या बाजूने बसवायचं?" "ज्या बाजूने काढलंत त्या."

"आईच्या वेळचा कुकर आहे, दुरुस्त होईल का?" "आईच्या वेळचा आहे म्हणूनच होईल."

त्या शेवटच्या उत्तराला हजारो लोकांनी वर चढवलं होतं. वाचणारे त्या खात्याला 'खडूस काका' म्हणत होते.

काकांनी पाना खाली ठेवला, चष्मा लावला आणि सगळं सावकाश वाचलं. चेहरा आधी लाल झाला, मग गोंधळलेला, मग परत लाल.

"ही वाक्यं माझी आहेत," ते म्हणाले. "शब्दन् शब्द. हे मी ह्या काउंटरवर बोललोय."

"म्हणजे कुणीतरी गिऱ्हाईक म्हणून येऊन ऐकून जातंय," मुलगी म्हणाली.

काकांनी सरळ समोर बघितलं. रस्त्याच्या पलीकडे तसंच एक दुकान आहे. दोघं मालक शाळेत एका बाकावर होते आणि तेव्हापासून एकमेकांशी सभ्यपणे वाईट वागतात. काका उठले, चप्पल घातली आणि रस्ता ओलांडून गेले. आम्ही दारातून बघत होतो. पाच मिनिटांनी ते परत आले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाला, 'मला इतकं सुचत असतं तर माझ्याकडेही गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आलं असतं.'" काका स्टुलावर बसले. "तो नाही. खोटं बोलताना त्याचा कान हलतो. नाही हलला."

त्यानंतर आठवडाभर मी व्हिडिओंची नावं बदलत बसले. एका सकाळी मी दुकानात होते. एक गृहस्थ मिक्सर घेऊन आले आणि म्हणाले, "आवाज फार करतो हो." काका म्हणाले, "तुम्ही त्याला बोलू देत नसाल." गृहस्थ ओशाळून हसले. भांड्याखालचा कपलर झिजला होता, काकांनी तो बदलून दिला.

मी शेजारच्या हॉटेलात चहा प्यायला गेले आणि फोन उघडला, तर ते वाक्य ॲपवर होतं. आत्ताच आलेलं. त्या वेळी दुकानात काका होते, मी होते, मिक्सरवाले होते आणि काकू.

मी चहा तसाच ठेवून परत गेले. पावतीपुस्तक बंद होतं आणि काकूंच्या नाकावर जवळचा चष्मा होता. मला बघून त्यांचा हात हळूच गल्ल्याखाली गेला.

"काकू," मी म्हटलं, "तुम्ही?"

"मी काय?"

"काही नाही."

"चहा घेतलास?"

"अर्धा."

"मग अर्धा इथे घे," म्हणून त्यांनी थर्मासमधला चहा ओतला. काका मागच्या खोलीत गेल्यावर त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं. ॲप त्यांना भिशीतल्या मैत्रिणीने दाखवलं होतं. पहिल्या दिवशी कुणाचा तरी कुकरबद्दलचा प्रश्न दिसला, आणि काकांनी सकाळीच कुणाला तरी दिलेलं उत्तर आठवलं, म्हणून टाकलं. दुसऱ्या दिवशी बघतात तर निरोपांचा पाऊस.

"इतकी वर्षं ह्यांचं बोलणं ऐकून मी एकटीच हसतेय," काकू म्हणाल्या. "तेही मान खाली घालून. गिऱ्हाइकाला राग येऊ नये म्हणून. आता बरोबर हसायला माणसं मिळाली, तर काय बिघडलं?"

"मग सांगत का नाही त्यांना?"

"सांगितलं की ते विचार करून बोलायला लागतील. विचार करून बोललेलं त्यांचं एक वाक्य ऐकण्यासारखं नसतं. आमच्या साखरपुड्यातलं भाषण ऐकलं असतंस तर कळलं असतं."

मी गप्प राहायचं कबूल केलं, पण दोन अटी घातल्या. पहिली अशी की विनोदाखाली दुसरी ओळ खरी माहितीची हवी. 'तोवर तुम्ही वाजवा' हे ठीक, पण शिट्टी होत नाही ह्याचं कारण कडक झालेलं गॅस्केट असू शकतं, तसंच वाफेची नळी तुंबलेलीही असू शकते. नळी तुंबलेला कुकर हा हसण्याचा विषय नाही. झाकण उजेडासमोर धरून नळीतून आरपार दिसतंय का बघा, हे सांगायलाच हवं. काकूंना ते लगेच पटलं, त्या जुनी उत्तरंसुद्धा दुरुस्त करून आल्या. दुसरी अट अशी की महिनाभर आपण ह्याला रीतसर परीक्षा समजायचं. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं, आमच्याबद्दल कुठे कळलं.

"आणि पास कधी म्हणायचं?" काकूंनी विचारलं.

"रोज एक तरी माणूस त्या ॲपवरून झाकण घेऊन आला, तर तिथे आणखी वेळ घालायचा. नाही आला, तर व्हिडिओंचा वेळ तिकडे वळवायचा नाही."

"आणि नापास झालं तर मी बंद करायचं?"

मी जरा घुटमळले. "दुकानाचा वेळ द्यायचा नाही. तुमचा तुम्ही द्या."

"मग चालेल," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी चष्मा पुसला.

इकडे काकांनी स्वतःचा तपास सुरू केला होता. पलीकडच्या दुकानदारावरचा संशय गेल्यावर घरातल्याच तिघी उरल्या: मुलगी, मी आणि काकू. काकांनी सापळा लावला. प्रत्येकीला एक वेगळं वाक्य सांगायचं आणि कुठलं बाहेर पडतंय ते बघायचं. मुलीला त्यांनी फोनवर सांगितलं, "कुकरलासुद्धा वर्षातून एकदा माहेरपण लागतं." काकूंना जेवताना सांगितलं, "झाकण आणि डबा एकाच घराण्यातले असावेत, नाहीतर वाफ बाहेर जाते." मला मागच्या खोलीत बोलावून, दार लोटून, ते म्हणाले, "मिक्सर हा घरातला एकमेव सदस्य आहे, ज्याला तापल्यावर गप्प बसायची अक्कल आहे."

मला ते वाक्य फारच आवडलं. मिक्सरवर फार लोड आला की तो आपोआप बंद पडतो, त्यावरचं होतं ते. मी हसले. काका हसले नाहीत, ते माझ्याकडे टक लावून बघत होते. तेव्हाच मला काहीतरी शिजतंय असं वाटलं होतं.

मागची खोली आणि गल्ला ह्यांच्यामध्ये खोक्यांची एक मांडणी आहे. भिंत नाही. काकू त्या मांडणीच्या दुसऱ्या बाजूला गेली तीसेक वर्षं बसतात.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात पाऊल ठेवलं आणि काका उठून उभे राहिले.

"सापडलीस!"

"कोण, मी?"

त्यांनी मुलीचा जुना फोन पुढे केला. खडूस काकांच्या नावावर मिक्सरचं वाक्य झळकत होतं. "नको, नको, आधी घर लावू, विहीर उपसू," काका माझी नक्कल करत म्हणाले, "आणि स्वतः रात्रंदिवस तिकडेच! आणि वाक्यं माझी! परवानगी मागायची रीत असते, आपण पुण्यात राहतो."

मी काकूंकडे बघितलं. काकू अत्यंत एकाग्रतेने शिट्ट्या मोजत होत्या. त्यांच्या ओठाचा एक कोपरा मात्र त्यांच्या ताब्यात नव्हता. त्यांना सापळ्याचा वास आदल्या दिवशी जेवतानाच आला होता, हे मला नंतर कळलं. नवरा लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर वरणभात खाताना अचानक घराण्यांबद्दल बोलायला लागला, की बायकोला शंका येतेच. म्हणून त्यांनी स्वतःचं वाक्य सोडून माझं टाकलं.

मी काही बोलले नाही. शब्द दिला होता. शिवाय मनाच्या एका कोपऱ्यात मलाही मजा येत होती. पुढचे काही दिवस काका मला 'आपण' म्हणत होते. पुण्यात कुणी ओळखीचा माणूस तुम्हाला अचानक 'आपण' म्हणायला लागला, तर शिव्या बऱ्या वाटतात. "आपण चहा घेणार का? की आपण तो इथेच ऐकून दुसरीकडे पिणार?"

मुलीला मात्र आकडे दिसत होते. तिने मला बाहेर गाठलं. "ताई, तुम्ही ग्रेट आहात. मला नाही म्हणालात आणि स्वतः चालवलंत. आता व्हिडिओ बंद करा ना! तिथे एका व्हिडिओला तुमचे दोन दिवस जातात. इथे एका ओळीत लाखभर लोक."

"लाखभर लोक कुठले आहेत, बघितलंस?" मी विचारलं.

आम्ही दोघींनी पायरीवर बसून उत्तरांखालच्या प्रतिक्रिया वाचल्या. नागपूर, बेळगाव, अमेरिकेत शिकणारी पोरं, मुंबईतल्या भाड्याच्या खोलीत राहणारे आणि कुकर नसलेले. सगळे हसत होते. त्यातल्या कुणाच्याच हातून पेठेतल्या दुकानात झाकण येण्याची शक्यता नव्हती.

महिना होत आला तेव्हा चित्र स्पष्ट झालं. नव्या ॲपवरून आलेलं गिऱ्हाईक रोज एक तर सोडाच, आठवड्याला एखादं. आलेल्यांपैकीही काही जण नुसते बघायला यायचे. खडकवासल्याहून एक जोडपं आलं होतं, हातात काही नाही. "आम्हाला काहीतरी बोला ना," त्यातली तरुणी काकांना म्हणाली. काका म्हणाले, "दुरुस्तीला काही नसेल तर बाजूला उभे राहा, मागे गिऱ्हाईक आहे." दोघं अत्यानंदाने बाहेर पडली.

ठरवल्याप्रमाणे परीक्षा नापास. पण तोवर मी रोज ते प्रश्न वाचत होते, आणि त्यात मला एक गोष्ट सापडली जी मी शोधत नव्हते. लोक तिथे प्रश्न आपल्या भाषेत विचारत होते. आम्ही आमच्या व्हिडिओला नाव दिलं होतं 'ओव्हरलोड प्रोटेक्टर'. ॲपवर चाळीस वेगवेगळ्या माणसांनी विचारलं होतं, "मिक्सर वाटताना अचानक बंद पडला, जळाला का?" बहुतेकांना मिक्सरच्या तळाला एक लाल बटण असतं हेच माहीत नव्हतं. बटण बंद करून, प्लग काढून, थोडा वेळ गार होऊ द्यायचा, भांड्यातलं थोडं कमी करायचं, मग ते लाल बटण दाबायचं. बहुतेक वेळा मिक्सर चालू होतो.

आम्ही तो व्हिडिओ नव्याने केला आणि त्याला लोकांचंच वाक्य नाव म्हणून दिलं: 'मिक्सर अचानक बंद पडला, जळाला का?' खाली बोलण्याचा लिखित मजकूर लावला, म्हणजे कमी ऐकू येणाऱ्या आजोबांनाही समजावं. आणि आलेल्या प्रत्येक प्रश्नाला त्याच दिवशी उत्तर द्यायला लागलो. तो व्हिडिओ आमच्या सगळ्या व्हिडिओंच्या पुढे गेला.

काका आधी वैतागले. "हे आपण काय करतोय? लोक घरीच दाबतायत बटण. माझ्याकडे येणार कशाला?"

त्याच आठवड्यात विश्रांतवाडीच्या एक बाई दोन कुकर, एक मिक्सर आणि एक शेगडी रिक्षात घालून आल्या. "तुमच्या व्हिडिओनं माझा मिक्सर चालू झाला," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही उगीच पैसे घेणारे नाही. म्हणून घरात जे जे मोडकं होतं ते सगळं आणलं." आणलेला मिक्सर मात्र त्यांच्या बहिणीचा होता. काकांनी रिक्षातून कुकर उतरवून घेतले, आणि त्या विषयावर पुन्हा बोलले नाहीत.

एवढं झाल्यावर मी ठरवलं की आता सगळ्यांसमोर बोलायचं. एका रविवारी, दुकान बंद असताना, आम्ही चौघं मागच्या खोलीत बसलो. मी सांगितलं की नवं ॲप दुकान म्हणून नापास आहे, पण कान म्हणून फार उपयोगाचं आहे. लोक काय विचारतात ते तिथे ऐकायचं आणि उत्तर व्हिडिओत द्यायचं, कारण शोधणारा माणूस शेवटी तिथेच येतो. त्या ॲपचा नळही बारीक व्हायला लागलाच होता; पूर्वीइतक्या लोकांपर्यंत उत्तरं पोचत नव्हती. व्हिडिओंचा एकही तास तिकडे जाणार नाही.

मुलगी जरा खट्टू झाली. "पण मी म्हटलं होतं म्हणूनच आपण बघितलं ना?"

"हो," मी म्हटलं. "तू म्हटलं नसतंस तर ते प्रश्न मला कधी दिसलेच नसते." आणि ते खरंच होतं.

"मग खातं चालवणार कोण?" काकांनी विचारलं. "आपणच ना?" हे 'आपण' पुन्हा माझ्यासाठी होतं.

काकूंनी पदराला हात पुसले. "अहो, पुरे झालं तिला छळणं. मी चालवते. पहिल्या दिवसापासून मीच चालवतेय."

काका त्यांच्याकडे बघतच राहिले.

"पण मिक्सरचं वाक्य मी हिला सांगितलं होतं. दार लोटून!"

"दार लोटलंत. मांडणी लोटायची राहिली."

मुलगी हसून खुर्चीवरून घसरायची बाकी राहिली. काका उठले, मांडणीपर्यंत गेले, दोन खोक्यांच्या मधल्या फटीतून गल्ल्याकडे बघितलं आणि परत येऊन बसले. मग म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं तू सगळं ऐकत होतीस."

"सगळं."

"आणि हसत होतीस?"

"रोज."

मी काकांना त्या आधी कधी लाजताना बघितलं नव्हतं. त्यांनी उगीचच एक शिट्टी उचलून नीट बघितली, जणू तिच्यात काही बिघाड असावा. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू चहा घेणार का?" 'तू' ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी दोन कप घेतले.

पण काका ते काकाच. स्वतःच्या नावाने लाखभर लोक हसतायत म्हटल्यावर त्यांना राहवेना. "वाक्यं माझी, तर लिहीन मी," असं जाहीर करून त्यांनी खातं काकूंकडून मागून घेतलं. काकूंनी फोन तत्काळ दिला. इतक्या पटकन दिला की मी समजून चुकले.

काकांनी पहिलं उत्तर लिहायला बराच वेळ घेतला. कुणीतरी विचारलं होतं, "कुकरमधून पाणी बाहेर येतं, काय करू?" काकांनी लिहिलं:

"सप्रेम नमस्कार. आपल्या प्रश्नाबद्दल आम्ही आपले अत्यंत ऋणी आहोत. कृपया पाण्याचे प्रमाण तपासून पाहण्याची तसदी घ्यावी. कळावे, लोभ असावा."

पाचच मिनिटांत प्रतिक्रिया यायला लागल्या. "काका, तब्येत बरी आहे ना?" "खातं हॅक झालंय, पासवर्ड बदला." बेळगावच्या एकाने लिहिलं, "हे कुणीतरी मुंबईचं दिसतंय."

ही शेवटची प्रतिक्रिया काकांना फार लागली. त्यांनी फोन गल्ल्यावर ठेवून काकूंच्या दिशेने सरकवला, स्टुलावर जाऊन बसले, आणि समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "कुकर आणलाय की नुसतं झाकणच फिरायला आणलंय?"

काकूंनी चष्मा लावला.